मदत हवी आहे: दुकानाच्या नावावरून रात्रभर वाद, कथा अडली

अर्धेपान
लघुकथा लिहितोय. वारशाने मिळालेलं कापडाचं दुकान, दोन भागीदार, नाव काय ठेवायचं यावर रात्रभर भांडण. पहिली दोन पानं झकास झाली, मग दोघं तेच तेच बोलायला लागले. 'जुनं नाव राहू दे', 'नको'. परवा कथा पाठवायची आहे. काय करू?

सदानंदी
वस्त्रवैभव कसं वाटतं? नाहीतर दोघांच्या नावातली पहिली अक्षरं जोडा. आमच्या मेहुण्यांनी तसंच केलं, छान चाललंय.

अर्धेपान
अहो, दुकान माझं नाही, कथेतलं आहे.

काळीशाई
दोघं एकमेकांचे कोण? भाऊ? जुनं नाव काय होतं? आणि सकाळपर्यंत ठरलंच पाहिजे असं काय घाईचं आहे?

अर्धेपान
ते लिहिलं नाही का? एक मालकाची मुलगी, दुसरे दुकानातले जुने मुनीम. मृत्युपत्रात दोघांना निम्मं निम्मं. नाव 'सुमती कापड विहार', सुमती म्हणजे तिची आजी. मुलीला ते बदलायचंय, मुनिमांना ठेवायचंय. सकाळी पाटी रंगवणारा येणार.

काळीशाई
मग गोष्ट इथेच आहे की! पण मुलीला नाव बदलायचंय आणि मुनिमांना ठेवायचंय, हे उलट का नाही करत? घराण्याचं नाव ती धरून बसेल आणि निम्मा मालक होऊनही पाटीवर आपण नाही, हे मुनिमांना टोचेल.

तारीखपेतारीख
एक दुरुस्ती. वारशाने दोघं सहमालक झाले, भागीदार नाही. भागीदारी करारातून येते. त्यामुळे आधी करारनामा, मग नाव. कथेत वकील आणा.

काळीशाई
वकील आणला की रात्रीचा सगळा ताण गेला. कराराचा कोरा कागद गल्ल्यावर ठेवा, नावाची जागा रिकामी. तेवढं बास.

गजपट्टी
मी कापडाच्या दुकानात वाढलेय. तुमची माणसं नुसती बसून बोलतात, म्हणून तेच तेच होतंय. त्यांना कामाला लावा. वारसा घेताना साठा मोजावाच लागतो. एकाने तागा उलगडून पट्टीने मोजायचा, दुसऱ्याने वहीत लिहायचं. भांडण कितीही तापलं तरी 'साडेअकरा मीटर' म्हटल्यावर 'साडेअकरा' म्हणावंच लागतं, आणि मध्येच उठून जाता येत नाही.

दुसरं म्हणजे ताग्यावरची चिठ्ठी. खरेदीचा भाव गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून जुने दुकानदार तो अक्षरांत लिहीत. त्यासाठी एकही अक्षर पुन्हा न येणारे शब्द निवडत. तुमचं नाव त्यात चपखल बसतंय: सु म ती का प ड वि हा र, नऊ अक्षरं, 1 ते 9. शून्याला टिंब. काना-मात्रा सोडून चिठ्ठीवर 'म क प' असेल तर 245.

आता बघा, मोजता मोजता मुलगी विचारते, हे 'म क प' काय? मुनीम सांगतात. म्हणजे पाटी बदलली तरी नाव प्रत्येक ताग्यात राहणारच. पण तिला वेगळंच उमगतं: इतकी वर्षं प्रत्येक ताग्यावर किती नफा सुटला, हे मुनिमांना आणि बाबांनाच ठाऊक होतं, तिला कधीच कुणी सांगितलं नाही.

सदानंदी
आमच्याकडे संगणकावर सगळं असतं, चिठ्ठ्या वगैरे आता कोण ठेवतं?

मुद्देसूद
हे जरा ताणलेलं वाटतं. जुन्या मालाचा खरेदी भाव आता काय कामाचा? नवी खरेदी नव्या भावाने होणार.

गजपट्टी
विकायला उपयोग कमी, मान्य. पण मालाची वाटणी करायची तर मोल कशावरून काढणार? शिवाय पडून राहिलेल्या ताग्याचा रंग घडीच्या कडेला उतरतो. असा माल खरेदीच्या भावाखाली काढायचा की नाही, हे ठरवायलासुद्धा तो आकडा लागतोच.

मुद्देसूद
मालमोजणीचा अहवाल होईल, कथा नाही. मी चिठ्ठी एकाच ताग्यावर दाखवीन.

काळीशाई
मुद्देसूदशी एकदा तरी सहमत. एकच तागा. आणि मुनीम सगळं उलगडून सांगत नाहीत, नुसतं 'दोनशे पंचेचाळीस' म्हणतात. बाकीचं तिला शोधू दे.

गजपट्टी
आणि ट्यूबलाइटखाली गर्द निळा काळाच दिसतो, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला तागा दाराशी नेऊन दाखवायचो. रात्री वहीत 'काळा' लिहिलेले तागे सकाळी निळे निघतील. वही कुणी लिहिली यावर आणखी एक खटका उडवता येईल.

अर्धेपान
मोजणी घेतली, चिठ्ठीही घेतली. वही मुलीने लिहायची, मोजणार मुनीम. बाजू उलटवायचं काळीशाईंचं म्हणणं अजून पटत नाही. नाव मुनिमांनाच हवंय, कारण सगळा हिशेब त्यातच आहे. मग मुलगी नवी अक्षरं मागते, नऊच, पुन्हा न येणारी. इथपर्यंत लिहून झालं. पण तिचं नवं नाव मुनीम मान्य करतात की नाही?

तारीखपेतारीख
करारनामा नसेल तर मान्य करायचा प्रश्नच येत नाही.

काळीशाई
मान्य करू नका. ते पुढच्या ताग्याची चिठ्ठी नव्या अक्षरांत लिहायला घेतात आणि तिसऱ्या आकड्याला अडतात.

मुद्देसूद
चाळीस वर्षं मुरलेला मुनीम तिसऱ्या आकड्याला अडत नाही हो.