मदत हवी आहे: द्राक्षं करमाफ, मग निर्यातीवरचं क्रेडिटही गेलं का?

पॅकहाऊस_दिंडोरी: नमस्कार. मी आणि भाऊ मिळून छोटं पॅकहाऊस चालवतो. आमची नि शेजारच्या बागांची द्राक्षं घेऊन नेदरलँडला पाठवतो, उरलेला माल वाशीला जातो. फेब्रुवारीत ६० लाखांची निर्यात झाली, २० लाखांचा माल वाशीला विकला. खोके, पाऊच, द्राक्षं टिकवणारे ग्रेप गार्ड, प्रयोगशाळेची तपासणी, सीमाशुल्काचं काम बघणाऱ्या सीएचएचं बिल असं सगळं धरून त्या महिन्यात ३ लाख जीएसटी भरला. आमच्या हिशेबनिसांनी रिटर्नमध्ये या भरलेल्या कराचं सगळं क्रेडिट उलटवलं, म्हणजे सोडून दिलं. म्हणाले, "ताजी द्राक्षं करमाफ आहेत, क्रेडिट मिळत नाही." पण ओळखीच्या एका निर्यातदाराला दरवर्षी परतावा मिळतो. माल तोच, मग फरक कुठे आहे? तीन लाख म्हणजे आमच्या मजुरीचे कितीतरी दिवस आहेत, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे.

हिशेबवही: हिशेबनीस बरोबर आहेत, ताई. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७ वाचा. करमाफ मालासाठी वापरलेल्या खरेदीवर क्रेडिट नाही. दर शून्यच, मग माल वाशीला गेला काय नि रॉटरडॅमला गेला काय.

सीमाशुल्क_काका: हिशेबवही, वाशीच्या मालापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. निर्यातीला ते लागू नाही. एकात्मिक जीएसटी कायद्याचं कलम १६ निर्यातीला शून्य दराचा पुरवठा म्हणतं आणि त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की माल करमाफ असला तरी शून्य दराच्या पुरवठ्यासाठी क्रेडिट घेता येतं.

करमाफी आणि शून्य दर, दोन्हींत गिऱ्हाईक कर देत नाही, म्हणून ते सारखे वाटतात. फरक मागच्या टप्प्यांत आहे. करमाफीत सरकार फक्त शेवटचा कर सोडतं. खोक्यावर भरलेला कर तुमच्याकडेच अडकतो आणि द्राक्षाच्या भावात मिसळतो. शून्य दरात तोही परत मिळतो, म्हणजे देशाबाहेर जाणाऱ्या पेटीत इथला कर उरत नाही.

ताई, ३ लाखांची फोड देता का? फक्त निर्यातीची खोकी किती, फक्त वाशीचे क्रेट किती आणि सामायिक किती?

पॅकहाऊस_दिंडोरी: बिलं काढून बसले. निर्यातीचे खोके, पाऊच, ग्रेप गार्ड, तपासणी, सीएचए मिळून २,१०,०००. वाशीच्या क्रेटवर १०,०००. पॅकहाऊसचं भाडं, दुरुस्ती, हिशेबनिसांची फी यांवर ८०,०००.

सीमाशुल्क_काका: मग असं बघा. २,१०,००० पूर्ण तुमचे. क्रेटचे १०,००० गेले. सामायिक ८०,००० नियम ४२ प्रमाणे वाटायचे: एकूण विक्री ८० लाख, त्यात करमाफ २० लाख, म्हणजे चौथा हिस्सा. २०,००० उलटवायचे, ६०,००० ठेवायचे. तीन लाखांपैकी २,७०,००० हातात राहतात. वर्षअखेरीस हे प्रमाण पूर्ण वर्षाच्या विक्रीवर पुन्हा काढावं लागतं.

चूक कुठे झाली तेही दिसेल. तुमचं त्या महिन्याचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, उघडा. ६० लाख 3.1(b) या रकान्यात हवेत, तिथे शून्य दराचा पुरवठा येतो. मला वाटतं ते वाशीच्या २० लाखांसोबत 3.1(c) मध्ये टाकलेत.

पॅकहाऊस_दिंडोरी: हो काका, 3.1(c) मध्ये पूर्ण ८० लाख आहेत. परताव्यासाठी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, लागतं का? आम्ही भरलेलंच नाही.

सीमाशुल्क_काका: करमाफ मालाच्या निर्यातीला लागत नाही, २०१८ च्या परिपत्रकात तसा खुलासा आहे. परताव्याचा अर्ज आरएफडी-०१ भरायचा, जहाज निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत. शिपिंग बिलं सांभाळून ठेवा.

निफाडचा_बागायतदार: माझीही द्राक्षं एका निर्यातदारामार्फत युरोपला जातात. औषधं नि ठिबकवर मी जीएसटी भरतो. मग मीही परतावा मागू शकतो ना?

सीमाशुल्क_काका: नाही हो दादा. तुम्ही माल निर्यातदाराला विकता, ती देशातली करमाफ विक्री. बागेतल्या खर्चावरचा कर तुमच्याच अंगावर राहतो. निर्यातदार स्वतः भरलेला कर परत मागतो, तुमचा नाही. म्हणून भाव ठरवताना तो खर्च धरूनच बोला.

हिशेबवही: काका, कलम १६ पुन्हा वाचलं, माझं चुकलं. पण एक अडचण राहते. क्रेडिट 4(B)(1) मध्ये उलटवलं असेल तर तो रकाना कायमच्या उलटण्याचा आहे. ते परत कसं घेणार?

सीमाशुल्क_काका: चुकून उलटवलेलं आहे, हक्क संपलेला नाही, पुढच्या रिटर्नमध्ये परत घ्यावं असं माझं मत. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरच्या आत करा.

हिशेबवही: मी आधी अधिकाऱ्यांना लेखी कळवेन. नाहीतर नोटीस येते.

पॅकहाऊस_दिंडोरी: दोन्ही करते, पत्रही देते. अजून एक: याच वर्षी प्रतवारीचं यंत्र घेतलं, त्यावरचा जीएसटी वेगळाच आहे.

सीमाशुल्क_काका: तिथे मात्र हात आखडतो. निर्यातीच्या वाट्याचं क्रेडिट खात्यात घेता येतं, पण न वापरलेल्या क्रेडिटच्या परताव्यात भांडवली वस्तू धरत नाहीत. ते क्रेडिट वापरायला तुमची करपात्र विक्री आहे का काही?

पॅकहाऊस_दिंडोरी: सध्या काहीच नाही. बेदाण्याचा विचार चाललाय.