केरोसीन-लॉक्स इंजिन: गॅस जनरेटर घ्यावं की स्टेज्ड कंबश्चन? सल्ला हवा

कोरा_कागद
शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कागदावर एक इंजिन उभं करायचं आहे. पहिल्या टप्प्यासाठी, केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं, समुद्रसपाटीला १००० किलोन्यूटन थ्रस्ट. आमच्या गटात दोन तट पडलेत. एकाला गॅस जनरेटर हवंय, चेंबर प्रेशर १०० बार. दुसरा म्हणतो २०० बारचं स्टेज्ड कंबश्चन घ्या, नाहीतर परीक्षक हसतील. कोणतं घ्यावं आणि कशाच्या जोरावर?
शिवाय टाकीत जेमतेम ३ बार असताना पंपानंतर शेकडो बार कशाला लागतात, असं मार्गदर्शक विचारतात. "जास्त दाब म्हणजे जास्त थ्रस्ट" याच्यापुढे आमची गाडी जात नाही.

अग्निबाण_९९
डोळे मिटून स्टेज्ड घ्या. गॅस जनरेटरमध्ये टर्बाइन फिरवलेला वायू बाहेर टाकून देतात. स्टेज्डमध्ये तोच वायू मुख्य चेंबरमध्ये जाऊन पुन्हा जळतो, म्हणजे नुकसान शून्य. आरडी-१८० चं चेंबर २६० बारच्या आसपास चालतं, मर्लिन अजून शंभराच्या आतबाहेर आहे. विषय संपला.

उत्तरध्रुव
विषय संपत नाही, कारण "नुकसान शून्य" हे अर्धंच खरं आहे.
आधी दाबाचं बघू. चेंबरमध्ये १०० बार असतील तर आत शिरणाऱ्या द्रवाचा दाब त्याहून जास्तच हवा, नाहीतर ज्वाला उलटी नळीत घुसेल. इंजेक्टरवर साधारण २० बार मुद्दाम घालवावे लागतात, कारण तो फरक कमी पडला की चेंबरमधल्या दाबाची थरथर थेट पुरवठ्यापर्यंत पोचते आणि इंजिन गुरगुरायला लागतं. केरोसीन आधी नोझलच्या भिंतीतून फिरून येतं, तिथे आणखी ३०-३५ बार जातात. म्हणून लॉक्स पंपाला १२५ आणि केरोसीन पंपाला १६० बार धरा.
हाच दाब टाकीत ठेवला तर? ३.६ मीटर व्यासाची ॲल्युमिनियमची टाकी १३० बारला जवळजवळ ८ सेंटिमीटर जाड करावी लागेल. ३ बारला २ मिलिमीटर पुरतात. पंप लागतो तो एवढ्यासाठी.
आणि चेंबरमध्ये दाब हवा कशाला? थ्रस्ट तुम्ही मोठा घसा ठेवून कमी दाबातही मिळवाल. पण समुद्रसपाटीला बाहेर १ बार हवा उभी आहे. झोत साधारण तिथपर्यंतच प्रसरण पावू देता येतो, त्यापलीकडे ताणला तर भिंतीपासून सुटतो. १०० बारवरून १ बारवर येणाऱ्या वायूपेक्षा २०० वरून येणारा वायू जास्त वेग घेतो. माझ्या हिशेबाने साडेचार टक्के जास्त. २०० वरून ३०० ला गेलात तर मात्र पुढचे सव्वादोन टक्केच मिळतात.

बॉयलरकाका
मी औष्णिक वीजकेंद्रात आयुष्य काढलं. आमचा बॉयलर फीड पंपही २०० बारच्या घरात पाणी ढकलतो आणि तोही वाफेच्या टर्बाइनवर चालतो. पण ती वाफ आम्ही हवेत सोडत नाही, कंडेन्सरला नेऊन परत वापरतो. तुम्ही का सोडता? आणि आमच्याकडे मुख्य पंपाआधी बूस्टर पंप नसेल तर कॅव्हिटेशनने इंपेलर खाल्ला जातो. ३ बारवरून थेट उचलता कसं?

उत्तरध्रुव
काका, दोन्ही प्रश्न नेमके आहेत. दुसरा आधी. लॉक्स टाकीत उकळण्याच्या काठावरच असतं, त्यामुळे पंपाच्या तोंडाशी इंड्यूसर नावाचं मळसूत्रासारखं चाक बसवतात. ते थोडा दाब चढवतं, मग इंपेलर काम करतो. शटलच्या मुख्य इंजिनात तर तुमच्यासारखे वेगळे कमी दाबाचे पंपच होते, कारण पुढचा हायड्रोजन पंप मिनिटाला ३५ हजारांच्या आसपास फेरे घ्यायचा.
आता वाफेचं, म्हणजे धाग्याचा मूळ प्रश्न. १००० किलोन्यूटनला सेकंदाला साधारण ३५८ किलो प्रणोदक लागतं, त्यात २५३ किलो लॉक्स. वरचे दाब आणि पंपांची ७० टक्के कार्यक्षमता धरली की ७ मेगावॉट होतात. सॅटर्न-५ च्या एफ-१ मध्ये सुमारे ४१ मेगावॉटसाठी सेकंदाला ७६ किलो वायू खर्च व्हायचा, म्हणजे किलोमागे ५०० किलोज्यूलच्या थोडं वर. तुम्ही ५०० धरा. ७ मेगावॉटला १४ किलो, एकूण प्रवाहाच्या ४ टक्के. हा वायू मुद्दाम इंधन जास्त ठेवून गार राखलेला असतो, नाहीतर टर्बाइनची पाती वितळतील. त्यामुळे त्याचा विशिष्ट आवेग मुख्य झोताच्या ४० टक्के धरा. निव्वळ तोटा २.४ टक्के.
२०० बारला शक्ती दुप्पट, तोटा ४.८. कमाई साडेचार टक्के, वाढीव तोटा २.४. अजून परवडतं. ३०० ला कमाई सव्वादोन आणि वाढीव तोटा पुन्हा २.४. इथे गॅस जनरेटरची भिंत येते. प्रत्यक्षात पंपाचं वजन धरलं की बरीच आधी येते.

अग्निबाण_९९
म्हणजे मी म्हणतोय तेच. स्टेज्ड घ्या.

उत्तरध्रुव
त्याची किंमतही बघा की. स्टेज्डमध्ये टर्बाइन चेंबरच्या आधी, एकाच रांगेत बसतं. चेंबर २०० बार, इंजेक्टर धरून २४०, टर्बाइनवर दाब निम्मा होतो असं धरलं तर त्याच्यासाठी वायू तयार करणाऱ्या प्रीबर्नरमध्ये ४८० बार. लॉक्स पंप ५०० च्या पुढे. केरोसीनचा मोठा भाग ३०० च्या आतच ठेवता येतो, प्रीबर्नरला जाणारा छोटा वाटा तेवढा एका जोडपंपाने वर चढवतात. तरी गोळाबेरीज २१ मेगावॉट. त्याच चेंबरला गॅस जनरेटर १४ मध्ये भागवत होतं. वायू वाया जात नाही, पण यंत्र दीडपट ताकदीचं लागतं.
आणि तो वायू कसला, तर जवळजवळ सगळं लॉक्स, चिमूटभर केरोसीनने तापवलेलं. इंधन जास्त ठेवलं तर काजळी धरते, म्हणून हा मार्ग. ५०० बारच्या गरम ऑक्सिजनमध्ये पोलादसुद्धा जळतं. पातं कुठे घासलं, धातूचा कण आला, की आग.

निर्वात
ऑक्टोबर २०१४ मधला अँटारिसचा अपघात याच जातीचा. एनके-३३ वर बेतलेल्या इंजिनाचा लॉक्स पंप उड्डाणानंतर काही सेकंदांतच पेटला. तिथे घासणं कशामुळे सुरू झालं, बाहेरचा कण, मशीनिंगमधली त्रुटी की मूळ रचनाच नाजूक, यावर चौकशी अहवालांचं एकमत झालं नाही.
एक भर घालतो. स्टेज्ड म्हणजे मोठा दाब असं समीकरण मांडू नका. इस्रोची वरच्या टप्प्याची दोन इंजिनं बघा: सीई-७.५ स्टेज्ड आहे, चेंबर ५८ बार. सीई-२० गॅस जनरेटर, ६० बार. विशिष्ट आवेग ४५४ आणि ४४३ सेकंद.

कोरा_कागद
मग हा ११ सेकंदांचा फरक थेट अहवालात देऊ का?

उत्तरध्रुव
तसाच नको. दोघांची नोझल एक नाहीत, त्यामुळे सगळा फरक चक्राच्या खात्यात टाकता येणार नाही. वरच्या टप्प्याला बाहेर हवेचा अडसर नसतो, म्हणून तिथे दाब न वाढवताही स्टेज्डचा फायदा मिळतो, एवढंच त्यातून घ्या.
प्रकल्पासाठी माझं मत: १०० बार, गॅस जनरेटर, आणि शेजारी २०० बार स्टेज्डचा शक्तीचा ताळेबंद. परीक्षक प्रीबर्नरचं तापमान विचारतील. तिथे ७५० केल्विन लिहिलंत तर टर्बाइनवरचं दाबाचं गुणोत्तर २ च्या आसपास जुळतं का, हे स्वतः करून बघा. ६०० ला ते कुठे जातं तेही काढा.

निर्वात
माझं मत वेगळं. कागदावर धातू जळत नाही. १५० बार स्टेज्ड घेतलं तर प्रीबर्नर ३६० च्या आसपास राहतो आणि शिकायला जास्त मिळतं.

बॉयलरकाका
पण मग केरोसीनच्या पंपातलं तेल आणि लॉक्स एकाच दांड्यावर? मधल्या सीलचं काय करता?

उत्तरध्रुव
काका, मध्ये हेलियमचा पडदा. दोन सीलच्या मधल्या जागेत हेलियम सतत भरत राहतो आणि गळती दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या नळीने बाहेर काढतात. मुलांनो, हे हेलियम वजनात धरायला विसरू नका.