मदत हवी आहे: मृत्युपत्र नाही, वारस सापडत नाहीत, सदनिकेचे काय होते?

सोसायटी_सचिव: आमच्या गृहनिर्माण संस्थेतील एक हिंदू, अविवाहित सभासद निवर्तले. मृत्युपत्र नाही आणि नामनिर्देशनही नाही. आईवडील आणि एकुलती, निःसंतान बहीण त्यांच्याआधीच गेली. सदनिकेला कुलूप आहे, देखभाल शुल्क थकत चालले आहे आणि समितीतील काहींना ठराव करून ताबा घ्यावा असे वाटते. मला ते गैर वाटते. सदनिका सरकारकडे केव्हा जाते, आणि आमच्या थकबाकीचे काय होईल?

मोडक्या_वाटेचा: वारस नसेल तर मालमत्ता सरकारजमा होते. जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्या, ते ताबा घेतील. जुने देणे मात्र त्या माणसाबरोबर संपले असे समजा.

निवृत्त_वकील: यातले पहिले वाक्य तेवढे बरोबर आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 29 नुसार मालमत्ता सरकारकडे जाते, पण वारसावर जी देणी आली असती ती सर्व घेऊनच. त्यामुळे आपली थकबाकी बुडत नाही. दुसरे असे की, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हरिद्वारच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे की, वारस नाही हा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांनी कार्यालयात बसून द्यायचा नाही, तो दिवाणी न्यायालयाचा विषय आहे. आणि वारस नाही हे सिद्ध करण्याचे ओझे तसे म्हणणाऱ्यावर आहे.

शोधही अपुरा वाटतो. भावंडांनंतर भाचे, पुतणे, काका, आत्या, मामा, मावशी येतात. तेही नसतील तर आधी केवळ पुरुषांच्या नात्याने जोडलेले आणि मग मध्ये कुठेतरी स्त्रीच्या नात्याने जोडलेले आप्त. त्यात पिढ्यांची मर्यादा नाही, म्हणून मावशीचा नातूसुद्धा वारस ठरू शकतो. लोक वडिलांकडचे नातेवाईक पाहून थांबतात आणि आजोळ राहून जाते.

सायली_क: माझ्या शेजारच्या काकूंची मी शेवटपर्यंत सेवा केली. त्यांनाही कोणी नव्हते. मग मला हक्क नाही का?

निवृत्त_वकील: सेवेने माणूस वारस होत नाही, ताई. त्यांच्यासाठी पदरचे पैसे खर्च केले असतील आणि पावत्या असतील, तर देणे म्हणून मागता येईल का, हे वकिलाला विचारा.

सोसायटी_सचिव: त्यांच्या जुन्या कार्यालयीन नोंदीत आईच्या माहेरचे गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीला पत्र पाठवते आणि वृत्तपत्रात जाहीर सूचना देते. तोवर आतल्या वस्तूंचे रक्षण कोणी करायचे?

निवृत्त_वकील: कुलूप तोडू नका. मालमत्ता धोक्यात असेल तर महाराष्ट्राच्या महाप्रशासकांकडे लेखी कळवा. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना ती सांभाळायला घेता येते. ठराव करायचाच तर थकबाकीची नोंद आणि पत्रव्यवहार यांपुरताच करा.

मोडक्या_वाटेचा: देण्याबाबत माझा समज चुकीचा होता. पण जाहीर सूचनेला कोणीच उत्तर दिले नाही, तर तेवढ्याने न्यायालयाला पुरेसा शोध झाला असे वाटेल का?

निवृत्त_वकील: केवळ सूचनेवर बहुधा नाही. आजोळी प्रत्यक्ष चौकशी झाली का, हे न्यायाधीश विचारतील, आणि किती चौकशी पुरेशी हे त्या त्या प्रकरणातच ठरते.