अनुभव सांगा: रिझल्टच्या तारखांना तुमचा बॉट थांबवता का?

धागाकर्ता: कॅश मार्केटमध्ये माझा बॉट पडलेला शेअर घेऊन दोन-तीन दिवसांत विकतो, रिझल्टच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या शेअरला हात लावायचा नाही असा नियम कोडमध्ये आहे. इन्फोसिसचा रिझल्ट 13 एप्रिल 2023 ला, गुरुवारी बाजार बंद झाल्यावर आला. कोडमध्ये मी `result_date + 1` लिहिलेलं, म्हणजे 14 तारीख, आणि त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी! सोमवारी 17 ला शेअर साधारण 10 टक्के खाली उघडला, बॉटच्या मते पॉज संपलेला, त्यानं लगेच खरेदी केली, भाव अजून घसरला आणि स्टॉपलॉस उडाला. तेव्हापासून दिवस कॅलेंडरचे नाही, ट्रेडिंगचे मोजतो. तुमचं काय?

सांगलीवाला: एवढं कशाला, एक्स्चेंजवर स्टॉपलॉस लावून ठेवला की झालं, मी कधीच थांबवत नाही.

रात्रपाळी: दिवसा चालू बाजारात ठीक आहे हो, पण पोझिशन रात्रभर असेल तर नाही. 16 जानेवारी 2024 ला संध्याकाळी एचडीएफसी बँकेचा रिझल्ट आला नि दुसऱ्या दिवशी शेअर 8 टक्क्यांहून जास्त पडला, 2 टक्क्यांचा स्टॉप तिथे फक्त ट्रिगर होतो, भाव मात्र ओपनिंगचाच मिळतो. मी पूर्ण थांबवत नाही, साइज कमी करतो. एका ट्रेडला 10 हजार गमवायची तयारी असेल तर 2 टक्के स्टॉपवर 5 लाखांची पोझिशन बसते, रिझल्टच्या रात्री 8 टक्के गॅप धरून सव्वा लाखच ठेवतो. गॅप 8 चा 12 झाला तर हिशोब चुकणार, ते मान्य आहे.

नवखी_नागपूर: माझा बॉट फक्त बँक निफ्टीवर चालतो, म्हणजे मला हे लागू नाही ना?

रात्रपाळी: ताई, त्याच 17 जानेवारीला बँक निफ्टी 4 टक्क्यांच्या वर पडला. मोठ्या दोन-तीन बँकांच्या तारखा तरी घालाच.

कोडवाला_ठाणे: माझा घोळ वेगळाच. तिमाही सुरू झाली की एकदाच कॅलेंडर भरायचो. पण बोर्ड मीटिंगची सूचना कंपनीनं आता दोन कामाचे दिवस आधी दिली तरी चालते, त्यामुळे तारीख उशिरा येते, कधी बदलतेही. शिवाय झोमॅटोचं सिंबॉल `ZOMATO` चं `ETERNAL` झालं तेव्हा माझ्या यादीत जुनंच राहिलं, शोधल्यावर तारीख सापडेना आणि बॉटनं त्याचा अर्थ रिझल्ट नाही असा घेतला. आता रोज सकाळी 8 ला एक्स्चेंजच्या सूचना ओढतो, आणि तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत ज्या शेअरची तारीखच सापडत नाही त्याचीही साइज अर्धी.

धागाकर्ता: हे बरोबर वाटतं, मीही करतो. पण तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या तारखा आलेल्याच नसतात, मग सगळेच शेअर अर्धे होणार की. त्याचं काय करता?

कोडवाला_ठाणे: गेल्या वर्षी त्या तिमाहीला कधी रिझल्ट आला होता ते बघून त्याच्या आधीच्या आठवड्यापासून अर्धं करतो. यावर समाधान नाहीये अजून.