उत्तर: कोटेशनवरून बिल आणि वाढीव काम

> कोटेशन पास झालंय, मधेच काम वाढलं, आता बिलात रक्कम वाढवून टाकू का?

नका वाढवू, मूळ ओळी कोटेशनसारख्याच ठेवा, वर त्याचा नंबर-तारीख टाका. माझं अंबडला शेडचं काम होतं, कोटेशन 1,40,000, मालक म्हणाले जिन्याला रेलिंगपण करा, मी तोंडी हो म्हणून केलं आणि एकाच आकड्यात बिल लावलं, तर अकाउंटवाल्यांनी पीओशी, म्हणजे त्यांच्या परचेस ऑर्डरशी, जुळत नाही म्हणून अख्खं बिलच अडकवलं.

आता रेलिंग कापायच्या आधीच ‘वाढीव काम 1: रेलिंग 25 फूट, 500 प्रमाणे 12,500, दोन दिवस जास्त’ असं पाठवून लेखी होकार घेतो, मग बिलात ती वेगळी ओळ. बेरीज 1,52,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 27,450.