उत्तर: सोलरचं गरम पाणी उशिरा येणं

> गच्चीवरून तळमजल्यावर गरम पाणी यायला अर्धी बादली वाया जाते. पाइपला फोम लावू का?

सकाळच्या पहिल्या आंघोळीला फरक पडणार नाही. रात्रभरात फोममधला पाइपही गार होतोच. वाया जातं ते पाइपात साठलेलं पाणी. एक इंची सीपीव्हीसीत मीटरला सुमारे 0.43 लिटर मावतं, पाऊण इंचीत 0.26. म्हणजे 20 मीटरला 8.6 ऐवजी 5.2 लिटर. एकाच बाथरूमची लाइन असेल आणि प्रेशर पुरत असेल, तर पाऊण इंचीच टाका.

फोमचा फायदा पाठोपाठच्या आंघोळींना होतो. काळी नायट्रिल रबराची नळी घ्या, पाऊण इंची पाइपला 22 मिमी भोकाची. एल्बो उघडे सोडू नका. गच्चीवर वरून अॅल्युमिनियम टेप गुंडाळाच, नाहीतर उन्हाने रबर तडकून बोटाला काळा भुगा लागतो.