गाळणीच्या जागी चाळणी

"आईला सगळं कळतं पण शब्द येत नाही, घरी सराव कसा घेऊ?"

पंचवटीतल्या माझ्या मावशीचं सेम होतं, मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक. स्पीच थेरपिस्टने शिकवलं तसं तिच्या मुलीने, आमच्या ताईने, घरी चालू ठेवलं. चहाच्या वेळी गाळणी समोर धरायची आणि मनात दहा आकडे होईपर्यंत गप्प बसायचं, हेच सगळ्यात अवघड, कारण आपणच शब्द सांगून टाकायचा मोह होतो. नाही आलं तर "चहाची पत्ती कशात अडकते?", मग "कपावर धर ही...", मग नुसतं "गा...", तरी अडलं तर दोघींनी मिळून म्हणायचं.

एकदा मावशी "चाळणी" म्हणाली, ताई म्हणाली, "जवळ आलीस आई, गा...", आणि आलं की हो! पण तिथे सोडायचं नाही, दोन-चार मिनिटांनी परत तीच गाळणी दाखवायची, या वेळी मदत न करता. कप दाखवला तरी "गाळणी"च यायला लागलं की समजायचं दमल्यात, त्या दिवशी बास.

गणपतीची आरती मात्र ती सलग म्हणायची. पाठ असलेलं असं येतं बऱ्याच जणांना, त्यावरून बोलणं परत आलं असं धरू नका.